पावणेपाच गुणांचा हिशेब

*ताई, आमच्या एका विषयात तीन असाइनमेंट आणि शेवटी लेखी परीक्षा आहे. वेटेज अनुक्रमे २०, २५, १५ आणि ४० टक्के. पहिल्या असाइनमेंटला शंभरपैकी ६४ मिळाले, दुसरीला मात्र फक्त ३१. ती सुधारून पुन्हा देता येते, पण कितीही चांगली लिहिली तरी ५०च्या वर गुण देत नाहीत. पोर्टलवर माझी सरासरी सध्या ४५.७ दिसते आणि मला विषयात निदान ६० हवेत. मैत्रीण म्हणते, ‘५० मिळवायला एवढी मरमर कशाला? तेवढ्यात परीक्षेचा अभ्यास होईल.’ मला वाटतं, या वेळी इतकं उत्तम लिहावं की सरांचं माझ्याबद्दलचं मत बदलेल. मुदत दहा दिवसांची आहे आणि त्यानंतर आठवड्याभरात तिसरी असाइनमेंट द्यायची आहे. काय करू?*

कर. पण मैत्रीण सांगते त्या कारणासाठी सोडू नकोस आणि तू सांगतेस त्या कारणासाठी करू नकोस. तुम्ही दोघीही ५० या आकड्याकडे बघताय. मैत्रिणीला तो फार कमी वाटतो, तुला तो अपमानासारखा वाटतो. विषयाच्या निकालात मात्र ते ५० जसेच्या तसे कुठेच उतरत नाहीत. तिथे उतरतो फक्त जुन्या आणि नव्या गुणांमधला फरक, आणि तोही त्या असाइनमेंटच्या वाट्याइतकाच.

तुझे जुने गुण ३१, मर्यादा ५०. म्हणजे या असाइनमेंटमध्ये तुला जास्तीत जास्त १९ गुण वाढवता येतील. असाइनमेंटचा विषयातला वाटा २५ टक्के, म्हणजे पाव. एकोणीसचा पाव ४.७५. विषयाच्या शंभर गुणांत तुझी कमाल वाढ पावणेपाच गुणांची. ५० मिळाले तरी तेवढीच आणि सरांनी मनातल्या मनात ८० दिले तरी तेवढीच. बाकीच्या घटकांत तुला काय पडलं किंवा काय पडणार आहे, याचाही त्यावर काही परिणाम नाही. पहिलीत ६४च्या जागी ९४ असते तरी या रीसबमिशनने पावणेपाचच दिले असते.

स्प्रेडशीटमध्ये मांडायचं असेल तर जुने गुण B2 मध्ये लिही, नवे C2 मध्ये, आणि तिसऱ्या घरात हे टाक:

```
=MAX(B2, MIN(C2, 50)) * 0.25
```

आतला MIN नव्या गुणांना ५०वर अडवतो आणि बाहेरचा MAX जुने-नवे यांतले जास्त असतील ते घेतो. शेवटी पावाने गुणलं की या असाइनमेंटचं विषयातलं योगदान मिळतं. ३१ला ते ७.७५ येतं, ५०ला १२.५. मधला फरक तोच, पावणेपाच. C2 मध्ये ५५, ७०, ९० असं काहीही टाकून बघ, उत्तर हलणार नाही. (MAX वापरताना मी एक गोष्ट गृहीत धरली आहे, तिच्याकडे पुढे येते.)

हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही एक गोष्ट यातून निघते. मर्यादा असलेल्या रीसबमिशनचा सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात वाईट गुण असलेल्याला होतो. याच असाइनमेंटमध्ये एखाद्याने काहीच सादर केलं नसेल आणि शून्य असेल, तर त्याला साडेबारा गुणांची वाढ मिळू शकते. ज्याला ४६ आहेत त्याला फक्त एक गुण मिळेल, आणि त्याने मोकळा वेळ दुसरीकडे लावलेला बरा. ज्याला ५२ आहेत त्याला गुणांच्या दृष्टीने काहीच मिळणार नाही. वर्गात सगळे एकच सल्ला एकमेकांना देत असतात, पण प्रत्येकाचा जुना आकडा वेगळा असतो आणि उत्तर त्यावरच ठरतं. तुझ्या मैत्रिणीला दुसऱ्या असाइनमेंटमध्ये किती होते हे तू लिहिलं नाहीस. चाळिशीच्या पुढे असतील तर तिच्यापुरतं ती बरोबर बोलते आहे.

आता पोर्टलवरच्या त्या ४५.७बद्दल. हा आकडा खोटा नाही, पण तू समजतेस तो नाही. पोर्टलने तुझ्या दोनच असाइनमेंट धरल्या आहेत, कारण गुण तेवढ्यांचेच आलेत. पहिलीचे ६४ गुणिले २०, दुसरीचे ३१ गुणिले २५, दोन्हींची बेरीज २०५५, आणि तिला भागलंय ४५ने. शंभराने नाही. न झालेल्या घटकांना बाजूला ठेवून उरलेल्यांची सरासरी दाखवायची, अशी ती सेटिंग असते. काही ठिकाणी याच्या उलट असतं, रिकाम्या जागा शून्य धरतात. तसं असतं तर तुला ४५.७च्या जागी २०.५५ दिसले असते आणि तू मला जास्त घाबरून लिहिलं असतंस. आपलं पोर्टल कोणत्या पद्धतीचं आहे हे ओळखायचं असेल तर दोन्ही आकडे हाताने काढून बघायचे, जो जुळेल ती पद्धत.

याचा रीसबमिशनशी संबंध असा. तुला ५० मिळाले की पोर्टल एकदम ५६.२ दाखवेल. साडेदहा गुणांची उडी! मुलं ही उडी बघून सुटल्यासारखा श्वास टाकतात आणि तिसऱ्या असाइनमेंटकडे दुर्लक्ष करतात. खरं तर ती उडी पावणेपाचचीच आहे. फक्त सध्या विषयाचा निम्म्याहून कमी भाग धरलेला असल्यामुळे ती फुगून दिसते. पंचेचाळिसाने भागलेली वाढ शंभराने भागलेल्या वाढीच्या दुपटीहून मोठी दिसणारच. पुढच्या घटकांचे गुण येतील तशी ती आपोआप आक्रसेल, आणि तेव्हा ‘पोर्टलने माझे गुण कमी केले’ अशी तक्रार घेऊन कुणाकडे जाऊ नकोस. अशा तक्रारी दर सत्राला येतात.

मग पावणेपाच म्हणजे थोडे की पुष्कळ? नुसत्या आकड्याकडे बघून हे कळत नाही. तुला हवेत ६०, तर साठच्या अंगाने बघू.

आज काहीही न करता तुझ्या खात्यात विषयाचे २०.५५ गुण जमा आहेत. साठला पोचायला आणखी ३९.४५ हवेत आणि ते उरलेल्या ५५ टक्क्यांतून मिळवायचे आहेत. म्हणजे तिसरी असाइनमेंट आणि परीक्षा मिळून तुला सरासरी जवळजवळ ७२ लागतील. आजवर तुझी उत्तम कामगिरी ६४ आहे. ७२ अशक्य नाहीत, पण आजवरच्या कामगिरीकडे पाहून त्यांवर भरवसा ठेवता येत नाही.

रीसबमिशनमध्ये ५० पडले तर जमा होतात २५.३. मग हवेत ३४.७, त्याच ५५ टक्क्यांतून. सरासरी ६३. हा आकडा तू एकदा गाठलेला आहेस. तुझ्यासाठी रीसबमिशनची खरी किंमत इथे आहे. ७२ची अट ६३वर येते आणि तुझं उद्दिष्ट तुझ्या नेहमीच्या आवाक्यात येऊन बसतं. उद्दिष्ट फक्त पास होण्याचं असतं, समजा ४०चं, तर रीसबमिशनशिवायही उरलेल्या भागात ३५च्या आसपास सरासरी पुरली असती. मग मी तुला इतक्या ठामपणे ‘कर’ म्हटलं नसतं.

मैत्रिणीच्या बोलण्यात एक मुद्दा मात्र खरा आहे, तो वेळेचा. ‘५०साठी कशाला’ हा प्रश्न सोड, ‘तेवढ्यात परीक्षेचा अभ्यास होईल’ हे वाक्य घे आणि त्याचा भाव काढ. परीक्षेचा वाटा ४० टक्के. तिथे पावणेपाच गुण मिळवायचे तर परीक्षेत बारा गुण जास्त आणावे लागतील. म्हणजे जिथे ५८ पडले असते तिथे ७०. तिसऱ्या असाइनमेंटचा वाटा १५ टक्के. तिथे तेवढेच मिळवायचे तर जवळजवळ ३२ गुण जास्त आणावे लागतील. आता स्वतःला प्रामाणिकपणे विचार, चार-पाच संध्याकाळी परीक्षेच्या अभ्यासाला दिल्या तर तुझे बारा गुण वाढतील का? माझ्या मते बहुतेकांचे नाही वाढत, आणि महिनाभर आधी केलेल्या जादा अभ्यासातलं बरंच परीक्षेपर्यंत विसरलेलंही असतं. त्याउलट ३१वरून ५०वर जाणं तुलनेने सोपं असतं. कारण काय चुकलं ते तपासणाऱ्याने तुला लेखी दिलेलं असतं. दुसऱ्या कुठल्याही परीक्षेत ही सोय मिळत नाही.

शिवाय दुसऱ्या असाइनमेंटचा भाग परीक्षेतही येणार असेल तर ती मेहनत दोनदा वापरात येते. हा फायदा मी हिशेबात धरलेला नाही, कारण तुमचा अभ्यासक्रम मला माहीत नाही. तो तुझ्या बाजूचा जादा समज.

आता तुझ्या त्या दुसऱ्या इच्छेबद्दल, सरांचं मत बदलण्याबद्दल. इथे मला जरा अडवावंसं वाटतं. तुला काय वाटतंय ते समजतं. ३१ गुण बघून कुणालाही वाटेल की आपण असे नाही हे दाखवून द्यावं. पण मर्यादेच्या वरचं सगळं काम गुणांच्या बाजूने फुकट जातं, आणि ते नेमकं तिसऱ्या असाइनमेंटच्या वेळेतून जातं. ५०वरून ८०पर्यंत नेण्याची मेहनत ३१वरून ५०पर्यंत नेण्यापेक्षा पुष्कळ जास्त असते आणि तिचा मोबदला शून्य. सरांना दाखवायचंच असेल तर तिसऱ्या असाइनमेंटमध्ये दाखव. तिला मर्यादा नाही, तिथे प्रत्येक जादा गुण मोजला जाईल. शिवाय रीसबमिशनचा गठ्ठा तपासताना शिक्षकाची नजर मुख्यतः एवढंच शोधत असते की मागे सांगितलेलं सुधारलं का. तिथे कुणी चकित व्हायला बसलेलं नसतं.

पण नेम ५०वरही धरू नकोस. तपासणीत पाच-सात गुण इकडे-तिकडे होतात आणि बरोबर ५०चं काम करणाऱ्याला ४५ पडण्याची भीती असते. साधारण ५७-५८ गुणांचं काम कर. वरचे सात-आठ गुण म्हणजे तपासणीतल्या चढउतारासाठी ठेवलेली जागा. त्यापुढे गेलीस की थांब.

हे ५७ कुठून आणायचे? फीडबॅकमधल्या शेऱ्यांपेक्षा आधी रुब्रिक उघड, म्हणजे कुठल्या निकषाला किती गुण होते तो तक्ता. समजा तुमचा तक्ता असा होता: प्रश्नाचं आकलन २०, विश्लेषण ४०, संदर्भ २० आणि मांडणी २०. आणि तुला मिळाले अनुक्रमे १०, ८, ५ आणि ८, मिळून ३१. मग कुठे पैसे पडून आहेत ते लगेच दिसतं. विश्लेषणात चाळीसपैकी आठच आहेत. तिथे अगदी मध्यम दर्जाचं काम केलं, ८चे २२ झाले, की एकट्या त्याने तू ४५ला पोचतेस. संदर्भांत ५चे १५ करणं हे तर जवळजवळ कारकुनी काम आहे. प्रत्येक दाव्यामागे स्रोत, यादी एकाच पद्धतीने, मजकुरात उल्लेख केलेला प्रत्येक स्रोत यादीत आणि यादीतला प्रत्येक मजकुरात. एका संध्याकाळीत होतं. झाले ५५. मांडणीत दोन-तीन गुणांची भर घातली की आपला ५७-५८चा आकडा आला. आकलनाला हातही लावलेला नाही.

त्या तक्त्याने आणखी एक गोष्ट टळते. गुण कमी पडले की मुलं पहिल्या वाक्यापासून सगळं नव्याने लिहायला बसतात, आणि ज्या परिच्छेदांना आधी गुण मिळाले होते तेही पुसून टाकतात. मग विश्लेषण सुधारतं आणि आकलन बिघडतं. जिथे निम्मे किंवा जास्त गुण मिळालेत तो भाग तसाच राहू दे. जिथे पाव किंवा त्याहून कमी मिळालेत तिथेच काम कर. ‘विश्लेषण वरवरचं’ असा मोघम शेरा असेल तर सरांना जाऊन विचार, पण ‘काय चुकलं’ असं विचारू नकोस, त्याला उत्तरही मोघमच येतं. तुझा एक परिच्छेद समोर ठेव आणि विचार, ‘सर, हा परिच्छेद विश्लेषण व्हायला यात कशाची भर घालायला हवी?’

जुन्या लेखनातला बराच भाग तसाच ठेवल्यामुळे एक तांत्रिक अडचण येऊ शकते. असाइनमेंट जर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जात असेल आणि तुझी पहिली प्रत त्याच्या साठ्यात गेली असेल, तर दुसरी प्रत पहिलीशी जुळते म्हणून भलं मोठं साम्य दाखवलं जाईल. तपासणाऱ्याला जुनी प्रत वगळून अहवाल पाहता येतो, पण ते त्याच्या ध्यानात यायला हवं. म्हणून सादर करताना वरच लिही की ही अमुक असाइनमेंटची सुधारित प्रत आहे, आणि सोबत पाच-सहा ओळींत कुठे काय बदललं ते सांग. बदलांची ही टीप मागितलेली नसली तरी दे. तपासणाऱ्याचं काम सोपं होतं आणि तुझी सुधारणा नजरेतून सुटत नाही.

पण हे सगळं सुरू करण्याआधी, आजच, एक गोष्ट कर. नियम नीट वाच. ‘५०च्या वर गुण मिळत नाहीत’ या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि वरचा सगळा हिशेब त्यातल्या एकावर उभा आहे. मी असं धरलं की मर्यादा त्या एका असाइनमेंटला आहे. काही ठिकाणी मात्र कुठल्याही घटकाची दुसरी संधी घेतली की अख्ख्या विषयाच्या निकालालाच मर्यादा लागते. तसा नियम असेल तर माझा सल्ला बरोबर उलटा आहे: हात लावू नकोस. रीसबमिशन न करता तिसरीत ६६ आणि परीक्षेत ६५ पडले तरी तुझे ५६च्या वर होतात. ते सोडून स्वतःच्या हाताने विषय ५०वर बांधून घेण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट त्या MAXची. बहुतेक ठिकाणी जुन्या-नव्यातले जास्त गुण धरतात, पण ‘शेवटचे गुण ग्राह्य’ असाही नियम असतो. तुझ्या बाबतीत ३१च्या खाली जाण्याची शक्यता कमी आहे, म्हणून त्याने निर्णय बदलत नाही. ४६ असलेल्याने मात्र याची खात्री केल्याशिवाय काही पाठवू नये. एका गुणाच्या आशेवर पाच गुण गमावायची वेळ येऊ शकते.

तिसरी गोष्ट उशिराच्या दंडाची. उशीर झाल्यास दहा गुण कापतात असं समज. ते मर्यादा लावण्याआधी कापतात की नंतर, यावर बरंच अवलंबून आहे. तुझं काम ५८चं असेल आणि आधी कापले तर राहतात ४८, म्हणजे नुकसान दोनच गुणांचं. पण आधी ५०वर आणून मग कापले तर राहतात ४०. तुझी पावणेपाचची वाढ सव्वादोनवर येते. हे समजत नसेल तर सरळ मार्ग हा की उशीरच करायचा नाही.

आणि चौथी, जी कधीकधी बाकी सगळ्या हिशेबावर मात करते. प्रत्येक घटकात स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं का? तसं असेल आणि ३१ हे पासच्या खाली असतील, तर सरासरी किती वाढते हा प्रश्नच उरत नाही. रीसबमिशन करावंच लागेल, एक गुण वाढणार असला तरी.

नियमपुस्तिकेत यातलं काही सापडलं नाही तर तोंडी विचारू नकोस, ईमेल कर, म्हणजे उत्तर लेखी मिळेल. छोटा असू दे:

“सर, मी दुसऱ्या असाइनमेंटचं रीसबमिशन करणार आहे. तीन गोष्टींची खात्री करून घ्यायची होती. ५०ची मर्यादा फक्त या असाइनमेंटला आहे की विषयाच्या एकूण निकालालाही लागते? जुन्या आणि नव्या गुणांपैकी जास्त असलेले धरले जातात का? आणि या असाइनमेंटमध्ये स्वतंत्रपणे पास होणं आवश्यक आहे का? आपलं उत्तर आलं की त्याप्रमाणे काम सुरू करेन.”

वेळेबद्दल. दहा दिवस आहेत म्हणून दहाही दिवस या कामाला देऊ नकोस. ईमेलचं उत्तर येईपर्यंत तक्ता काढून कुठे काम करायचं ते ठरव. मग चार-पाच दिवसांत विश्लेषण आणि संदर्भ उरक, एक दिवस मध्ये सोड, परत वाचून पाठव. मुदतीआधी तीन-चार दिवस हातात राहतील ते तिसऱ्या असाइनमेंटला दे. तिथला प्रत्येक दहा गुणांचा फरक विषयात दीड गुण देतो. दिसायला कमी आहे, पण तुझ्या ६३च्या सरासरीत त्याचा वाटा आहे. या दोन्ही कामांत काय सोडायची वेळ आली तर मात्र आधी रीसबमिशन पूर्ण कर, ५७च्या पातळीला आण, आणि तिथेच सोड.

काही वाचकांचा प्रश्न विषयाच्या सरासरीचा नसतो, पूर्ण सत्राच्या किंवा वर्षाच्या सरासरीचा असतो. त्यांनी आणखी एकदा भागाकार करायचा. सत्रात सारख्या क्रेडिटचे पाच विषय असतील तर तुझे पावणेपाच गुण सत्राच्या सरासरीत एकाहूनही कमी होतात, ०.९५. आणि जिथे गुणांच्या जागी श्रेणी मोजतात तिथे ही वाढ एक तर पूर्ण दिसते किंवा अजिबात दिसत नाही. विषयात ६०ला श्रेणी बदलत असेल, तर ५६चे ६०.७५ झालेल्याला वरची श्रेणी मिळते. ५२चे ५६.७५ झालेला जिथे होता तिथेच राहतो. म्हणून आधी आपण कुठल्या रेषेच्या किती जवळ आहोत हे बघायचं आणि मग रीसबमिशनची वाढ तिथपर्यंत पोचते का ते.

रीसबमिशनचे गुण आले की पोर्टलकडे बघण्याआधी तुझ्या स्प्रेडशीटमध्ये C2 भर. ५०ऐवजी ४७ आले असतील तर वाढ चार गुणांची आणि उरलेल्या भागात लागणारी सरासरी साधारण साडेचौसष्ट. तिसऱ्या असाइनमेंटचे गुण आले की पुन्हा एकदा मांड. ५० आणि तिसरीत ६६ असतील तर परीक्षेत तुला ६२ लागतील. रीसबमिशन केलं नसतं तर त्याच ६६वर ७४ लागले असते.